फोन उचलल्यावर पहिलं वाक्य काय बोलता?

ट्रान्सहार्बरवाली

नमस्कार मंडळी. मी ऐरोलीला एका कॉल सेंटरमध्ये मराठी डेस्कची टीएल आहे. काम एका बँकेचं: कार्ड, यूपीआय, अडकलेले पैसे. टीममध्ये अकरा जण आहेत, बहुतेक पहिल्याच नोकरीतले.

आम्हाला दिलेलं ओपनिंग असं आहे: "नमस्कार, अमुक बँकेत कॉल केल्याबद्दल आपले धन्यवाद. माझे नाव अमुक आहे. मी आपली कशा प्रकारे सहायता करू शकते?" आणि माणूस चिडलेला असेल तर: "आपल्याला झालेल्या असुविधेसाठी मी दिलगीर आहे. मी आपली चिंता समजू शकते." इंग्रजी स्क्रिप्टचं कोणीतरी हिंदीत केलं आणि त्या हिंदीचं मराठी झालं, हे वाचताक्षणी कळतं.

परवा एका मुलीचा कॉल ऐकत होते. समोरचा माणूस म्हणाला, "मॅडम, माझे पैसे गेलेत आणि तुम्ही मला वाचून काय दाखवताय?" ती घाबरली आणि तेच वाक्य तिने पुन्हा म्हटलं. त्याने फोन ठेवला. पोरगी नंतर पॅन्ट्रीत रडली. मला फार वाईट वाटलं, कारण घरी ती इतकं गोड बोलते! हेडसेट लावला की तिची भाषाच बदलते.

मला अशी वाक्यं हवी आहेत जी तोंडात बसतील आणि क्वालिटीच्या फॉर्ममध्येही मार्क जाणार नाहीत. तुम्ही काय बोलता? आणि फोन करणारे असाल तर काय ऐकल्यावर बरं वाटतं?

कांदेपोहे_किंग

"हॅलो, बोला!" विषय संपला. :)

गोरेगावकर_निलेश

मी चार वर्षं टेलिकॉमच्या प्रोसेसला होतो. आमच्या ट्रेनरचा मंत्र होता, नाव घ्या. प्रत्येक वाक्यात ग्राहकाचं नाव आलं की माणूस आपोआप निवळतो. "सुनीलजी, मी बघतो. सुनीलजी, एक मिनिट." आणि आवाजात हसू ठेवा. फोनवर हसू ऐकू येतं.

जुना_हेडसेट

निलेश, नावाचं अर्धंच खरं आहे. सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा नाव घेतलं तर चांगलं वाटतं. प्रत्येक वाक्यात घेतलं की लोन विकणाऱ्याचा फोन वाटतो. शिवाय मराठीत पन्नाशीच्या बाईंना "सुनीताजी" म्हटलं की हिंदी येतं, नुसतं "सुनीता" म्हणवत नाही. "सुनीताताई" काहींना चालतं, काहींना नाही. आडनाव घेऊन "जोशी मॅडम" सगळ्यात सुरक्षित. आणि हसू म्हणाल, तर ज्याचे पैसे गेलेत त्याला हसू ऐकू आलं की तो आणखी भडकतो.

मी मालाडच्या माइंडस्पेसमध्ये हेडसेटवर सुरुवात केली, मग क्वालिटीत गेलो. मिळून चौदा वर्षं. ट्रान्सहार्बरवाली, तुमच्या ओपनिंगबद्दल आधी बोलतो.

तो माणूस तुमच्यापर्यंत येण्याआधी मशीनने त्याचे दोनदा आभार मानलेले असतात. भाषा निवडा, मग धन्यवाद, मग "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे", मग गाणं. तुमचं धन्यवाद हे तिसरं. ते त्याला ऐकूच येत नाही, तो कधी बोलायला मिळतंय याची वाट बघत असतो. म्हणून धन्यवाद काढून शेवटी न्या, काम झाल्यावर.

उरतं काय? बँकेचं नाव, तुमचं नाव, आणि बोलायची जागा. क्रमही महत्त्वाचा आहे. कॉल जोडला जाताना बीप होतो आणि पहिला शब्द बऱ्याचदा तुटतो. म्हणून पहिला शब्द तुटला तरी चालेल असा हवा, तो "नमस्कार". मग बँक. मग नाव, कारण शेवटचं ऐकलेलं लक्षात राहतं आणि पुढे त्याला "अश्विनी मॅडम" म्हणता यायला हवं. "नमस्कार, अमुक बँकेतून अश्विनी बोलतेय. सांगा." संपलं. "माझे नाव अश्विनी आहे" असं मराठी माणूस फोनवर म्हणत नाही, "अश्विनी बोलतेय" म्हणतो.

गिरगावची_माई

"बोला" पेक्षा "सांगा" चांगलं, हे मलाही पटलं. "बोला" म्हटलं की दुकानदार वजनकाट्यामागून विचारतोय असं वाटतं.

कांदेपोहे_किंग

माई, आमच्या वाण्याच्या "बोला"मध्ये जी माया आहे ती कुठल्याच बँकेत नाही!

दादरचे_काका

धाग्याचं नाव वाचून आलो. माझा ब्रॉडबँड गेले नऊ दिवस बंद आहे. चार वेळा फोन केला. दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं, दर वेळी "गैरसोयीबद्दल क्षमस्व". कोणाकडे तक्रार करायची ते कोणी सांगेल का? मी ७१ वर्षांचा आहे, मुलगा परदेशात, व्हिडिओ कॉल हाच आधार.

ट्रान्सहार्बरवाली

काका, धागा आमच्या बाजूने काय बोलावं याचा आहे, पण तुमचं लिहिलेलं उपयोगाचं आहे म्हणून विचारते. त्या चार कॉलमध्ये एखादी गोष्ट बरी वाटली का? आणि त्यांना तक्रारीचा डॉकेट नंबर मागा. तो नंबर घेऊन त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. टेलिकॉम कंपन्यांना ती व्यवस्था ठेवावीच लागते.

दादरचे_काका

धन्यवाद, उद्या मागतो. बरं एकदाच वाटलं. तिसऱ्या वेळी एक मुलगा म्हणाला, "काका, शनिवारपासून बंद आहे, माणूस दोनदा येतो म्हणाला आणि आला नाही, दिसतंय मला इथे." बस. त्याने काही दुरुस्त केलं नाही, पण मी त्याच्यावर ओरडलो नाही. बाकी तिघांवर ओरडलो.

जुना_हेडसेट

काकांनी धाग्याचं उत्तरच दिलंय. "मी आपली चिंता समजू शकते" हे वाक्य समजल्याचा दावा करतं. "शनिवारपासून बंद, माणूस दोनदा आला नाही" यातून समजल्याचं दिसतं. पहिलं वाक्य कुठल्याही कॉलवर चिकटवता येतं, म्हणून ते वाचल्यासारखं वाटतं. दुसरं फक्त काकांच्याच कॉलवर चालेल.

ट्रान्सहार्बरवालींसाठी एक पूर्ण कॉल लिहितो. ट्रेनिंगला मी हाच प्रकार घ्यायचो, कारण यूपीआय डेस्कवर रोज येतो. बाई डोंबिवलीच्या. रविवारी रात्री घरमालकाला भाड्याचे साडेआठ हजार पाठवले. खात्यातून गेले, त्याला मिळाले नाहीत. सोमवारी सकाळी फोन.

"अहो माझे साडेआठ हजार गेले! घरमालक म्हणतो आलेच नाहीत, म्हणतो खोटं बोलताय, दोनदा फोन लावला तर गाणंच वाजतंय..."

इथे मध्ये बोलायचं नाही. पण गप्पही राहायचं नाही, नाहीतर "हॅलो, ऐकताय का?" येतं. फक्त "हं", "हो", "अच्छा". वाफ फार वेळ टिकत नाही, कोणी आडवं गेलं तरच वाढते. बाई थांबल्या की लगेच:

"साडेआठ हजार, काल रात्री, घरमालकांना. तुमच्या खात्यातून गेले, त्यांना पोचले नाहीत. असंच ना?"

"हो."

तो "हो" ऐकायला शिकवा. पूर्ण कॉलमध्ये आवाज तिथे खाली येतो. त्याआधी सॉरी म्हटलेलं वाया जातं, त्यानंतरचं एक "तुम्हाला नाहक ऐकून घ्यावं लागलं" पुरतं. मग व्हेरिफिकेशन, जिथे बहुतेक जण कमावलेलं घालवतात. बाई रडकुंडीला आलेल्या आणि आपण एकदम "आपली जन्मतारीख सांगा". मध्ये एक पूल हवा:

"आता मी हेच ट्रान्झॅक्शन उघडून बघते. त्याआधी खातं तुमचंच आहे एवढं पक्कं करावं लागतं, दोन प्रश्न विचारते. ओटीपी किंवा पिन मी विचारणार नाही, तुम्हीही सांगू नका."

मग शोधताना: "दोन मिनिटं लागतील, लाइनवर राहा, मी मध्ये बोलेन." एक मिनिट म्हणून तीन लावू नका. दोन म्हणा आणि दीडमध्ये या. काम झालं नसलं तरी या: "अजून बघतेय हं, सापडलंय, उघडतंय." हे "हं" फार कामाचं आहे. कुठल्याही स्क्रिप्टमध्ये छापलेलं नसतं आणि त्यावरूनच माणूस बोलतोय हे कळतं.

लालडब्बा

हेडसेट, सुंदर. पण पुढे काय सांगायचं ते लिहा की. आमच्याकडे "तीन दिवसांत पैसे येतील, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे" असं सांगतात. नियमाचं नाव घेतलं की माणूस गप्प होतो.

जुना_हेडसेट

लालडब्बा, तीन दिवसांचा नियम वेगळा आहे. तो २०१७ चा, फसवणुकीचा. बँकेची चूक नसताना आणि तुमचीही नसताना तिसऱ्याच कोणीतरी पैसे काढले, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलंत, तर तुमच्यावर भार नाही. त्यात तीन दिवस आपल्यासाठी आहेत, बँकेसाठी नाहीत.

अडकलेल्या पैशांचा नियम २०१९ चा. यूपीआयने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवले आणि समोर जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानाला दिलेले असतील आणि दुकानाला खात्री मिळाली नसेल तर पाच दिवस. त्यापुढे प्रत्येक दिवसाचे १०० रुपये, आणि ते मागावे न लागता मिळायला हवेत.

म्हणून डोंबिवलीच्या बाईंना: "पैसे तुमच्याकडून निघालेत, समोरच्या बँकेने जमा केलेले दिसत नाहीत. असे पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत परत येतात, म्हणजे आज रात्रीपर्यंत. तोवर घरमालकांना पुन्हा पाठवू नका, एखाद वेळी दोन्ही पोचतील. हा बारा आकडी नंबर लिहून घ्या आणि त्यांनाही पाठवा, म्हणजे तुम्ही खोटं बोलत नाही हे त्यांना दिसेल. तक्रार मी आत्ताच नोंदवतेय. आज रात्रीपर्यंत नाही आले तर उद्यापासून दिवसाला शंभर रुपये बँकेने द्यायचे असतात."

बघा, यात "काळजी करू नका" कुठेच नाही. घरमालकापुढे पडलेली इज्जत हा त्यांचा अर्धा त्रास होता, त्याचं उत्तर त्या बारा आकड्यांत आहे. आणि स्क्रीनवर जे दिसत नाही ते बोलायचं नाही. "पैसे कुठेही जात नाहीत" असं बघायच्या आधी म्हणणं हा माझ्या मते सगळ्यात मोठा गुन्हा. नंबर चुकून पैसे भलत्याच माणसाला गेलेले निघाले तर? मग हा नियम लागतच नाही आणि तुम्ही खोटे पडता.

गिरगावची_माई

मला "काळजी करू नका" वर एवढा राग कळला नाही. आपण रोज म्हणतो. आजारी माणसाला म्हणतो, परीक्षेला निघालेल्या पोराला म्हणतो. ते काही इंग्रजीतून आलेलं नाही. मला फोनवर कोणी तसं म्हटलं तर बरंच वाटेल.

परळची_सिस्टर

माई, दोन्ही खरं आहे. मी हॉस्पिटलच्या रिसेप्शनला फोन घेते. "काळजी करू नका" पहिल्यांदा म्हटलं तर नातेवाईक म्हणतात, "काळजी कशी करू नको? तुम्हाला काय जातंय?" तेच शेवटी म्हटलं, म्हणजे "बाबांना वॉर्डात आणलंय, डॉक्टर बघून गेलेत, सहाला भेटता येईल, काळजी करू नका", तर समोरून "बरं बरं, थँक्यू" येतं. वाक्य तेच, जागा वेगळी.

"शांत व्हा" मात्र कुठल्याच जागी चालत नाही. नवीन मुलींना मी सांगते, ते वाक्य तोंडाशी आलं की त्याऐवजी पाणी प्या.

माईच्या बाजूने अजून एक: वयस्कर माणसांना खरंच आवाज लागतो. माहिती मिळाली तरी दोन मिनिटं बोलायचं असतं त्यांना. ते कुठल्या फॉर्ममध्ये बसतं ते मला माहीत नाही.

गोरेगावकर_निलेश

नावाबद्दल हेडसेटचं मान्य. पण एक सांगतो. कार्ड हरवल्याच्या कॉलवर हे सगळं ऐकून घ्या, परत म्हणून दाखवा वगैरे करत बसलात तर तोवर कोणीतरी खरेदी करून मोकळा. आमच्याकडे एका मुलाने असंच छान ऐकून घेतलं होतं आणि मध्ये दोन व्यवहार झाले.

जुना_हेडसेट

शंभर टक्के. तिथे मी एकच वाक्य शिकवायचो: "आधी कार्ड बंद करतो, मग सगळं सांगा." आणि झालं की "बंद झालं. आता यावरून काही जाणार नाही. आता सांगा, काय काय गेलंय?" तिथे कामच शांत करतं. ऑनलाइन फसवणूक झालेली असेल तर त्याच कॉलमध्ये सायबर हेल्पलाइनचा १९३० हा नंबरही द्या, बँकेच्या तक्रारीवर थांबू नका. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत गोठवता आले तर येतात, नाहीतर अवघड.

क्वालिटीवाली

मी सध्या क्वालिटीत आहे, दुसऱ्या कंपनीत. सगळं वाचलं आणि पटलं, पण मुलांना हे बोलायला लावण्याआधी फॉर्म नीट वाचा. बहुतेक फॉर्ममध्ये "ग्राहकाच्या अडचणीची दखल घेतली का" असा प्रश्न असतो, अमुकच वाक्य म्हटलं का असा नसतो. वाक्य ट्रेनिंगच्या पीपीटीतलं असतं, आणि आपण ते फॉर्ममधलं समजून बसतो. "साडेआठ हजार, काल रात्री, घरमालकांना" याला मी पूर्ण मार्क देईन.

जे हलवता येत नाही ते हलवू नका: व्हेरिफिकेशन, तक्रार नंबर देणं, ओटीपी न मागणं. यात चूक झाली तर फॅटल, पूर्ण कॉल शून्य.

खरी अडचण पुढे आहे. आमच्या क्लायंटचा ऑडिटर मराठी जाणत नाही. तो लिहून आलेला कॉल वाचतो आणि "क्षमस्व", "दिलगीर" हे शब्द शोधतो. "असंच ना?" मध्ये दखल आहे हे त्याला कसं दाखवायचं? मी दोन वर्षं भांडतेय. मला जमलेलं नाही.

ट्रान्सहार्बरवाली

चार दिवसांनी आलेय, शिफ्ट बदलली होती. काय काय केलं ते लिहिते.

फॉर्म काढून वाचला. क्वालिटीवाली, तुमचं बरोबर निघालं, वाक्य कुठेच नाही. टीमला दोनच गोष्टी सांगितल्या: ओपनिंग "नमस्कार, बँक, नाव बोलतेय, सांगा", आणि सॉरीच्या आधी रक्कम, वेळ, कोणाला हे परत म्हणून दाखवायचं. "सहायता", "असुविधा", "आपली चिंता" हे तीन शब्द व्हाइटबोर्डवर लिहून त्यावर रेघ मारली. "होऊन जाईल" पण काढलं. कधी, ते न सांगता "होऊन जाईल" म्हणायची आमच्याकडे सगळ्यांनाच सवय आहे.

परवा रडलेली ती मुलगी. तिला कागदावर काहीच दिलं नाही. म्हटलं, समोर तुझी मावशी आहे असं समज, फक्त अहो-जाहो कर. काल तिचा कॉल ऐकला. एक आजोबा, वीजबिल भरलं, पैसे गेले, पावती नाही. ती म्हणाली, "बावीसशे चाळीस, आज सकाळी, वीजबिलाचे. पावती आली नाही. असंच ना आजोबा?" मी जाऊन तिच्या पाठीवर थाप मारली. "आजोबा" फॉर्ममध्ये बसतं का, हे मात्र मला माहीत नाही.

सगळंच जमलं असं नाही. दोघांनी "असंच ना?" पाठ केलं आणि आता तेच वाचल्यासारखं म्हणतात. एकाचा तर ठेकाही तोच, प्रत्येक कॉलला. त्याचं काय करू?

जुना_हेडसेट

त्याला शेवट बदलू दे. "बरोबर?", "हेच ना?", "काही राहिलं का?" तिन्ही चालतात. आणि त्याला त्याचाच कॉल ऐकवा, दुसऱ्या कोणाचा नको. आजोबांना मात्र पाच दिवसांचं सांगितलंत ना? वीजबिल म्हणजे दुकानाचा नियम, दुसऱ्या दिवसाचा नाही.

ट्रान्सहार्बरवाली

अरे देवा. तिने दुसऱ्या दिवसाचं सांगितलंय. उद्या सकाळी पहिला फोन आजोबांना.

क्वालिटीवाली

ऑडिटरच्या प्रश्नावर कोणी काही बोललंच नाही. गुरुवारी त्याच्याबरोबर कॅलिब्रेशन आहे. कोणाकडे असा मराठी कॉल आहे का, ज्यात सॉरी नाही पण माणूस निवळलेला ऐकू येतो? नावं-नंबर काढून त्याचं शब्दशः भाषांतर वाचून दाखवायचं म्हणतेय.

दादरचे_काका

मुली, माझा तिसरा कॉल वापर, त्या लोकांकडून मागून. डॉकेट नंबर आता आहे माझ्याकडे. ब्रॉडबँड अजून बंद आहे.